‘मॅडमचा स्पीड जास्त आहे’

सत्र संपत आलं की कॉलेजात एक तास असा येतो, ज्यात कुणी शिकवत नाही. पूर्वी शिपाई फॉर्मचा गठ्ठा टेबलावर ठेवून जायचा, आता मोबाइलवर लिंक येते. पोरं पाच मिनिटांत सगळ्या ओळींना ‘उत्तम’ देतात आणि कॅन्टीन गाठतात. मी वाणिज्य शाखेत शिकवतो. काही वर्षं कॉलेजच्या आयक्यूएसीत, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात, हे फॉर्म वाचायचं काम माझ्याकडे होतं. शेकडो फॉर्म वाचून मॅडमनी किंवा सरांनी उद्यापासून नेमकं काय बदलावं, हे सांगणारा फॉर्म क्वचित हाती लागायचा.

याला फॉर्मचा साचाही थोडा जबाबदार आहे. नॅकने 2017 च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं. त्यात अभ्यासक्रम किती टक्के पूर्ण झाला, शिक्षकांना विषय कितपत पोचवता आला, असे वीस खुणेचे प्रश्न आहेत. ते एका शिक्षकाबद्दल नसून सगळ्या कॉलेजबद्दल आहेत. स्वतःच्या शब्दांत सूचना लिहायला जागा मिळते ती शेवटच्या एकविसाव्या प्रश्नात, आणि तिथे बहुतेक जण ‘ऑल गुड’ लिहितात.

एकदा द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. कॉस्टिंग शिकवणाऱ्या मॅडमना ती द्यायची होती, पण उद्धट वाटेल का याची तिला धास्ती. चिठ्ठीत तीनच वाक्यं होती : ‘मॅडमचं शिकवणं क्लिअर नाही. स्पीड खूप जास्त आहे. कधी भेटत नाहीत.’ उद्धटपणाचं मला फार वाटलं नाही. अडचण वेगळी होती. ही चिठ्ठी हातात पडल्यावर मॅडम वाईट वाटून घेण्यापलीकडे काहीही करू शकल्या नसत्या. आम्ही एकेक वाक्य घेऊन बसलो.

क्लिअर नाही म्हणजे काय नाही? तिने वही उघडली. प्रोसेस कॉस्टिंगचं गणित होतं. कारखान्यात 1000 किलो कच्चा माल प्रक्रियेत घातला, एकूण खर्च 38,000 रुपये. पाच टक्के घट होणारच हे आधीपासून धरलेलं, म्हणजे 950 किलो माल निघायला हवा. निघाला 920. वर गेलेले 30 किलो म्हणजे अबनॉर्मल लॉस. भंगाराला किंमत नाही. आता या 30 किलोंची किंमत काढायची. फळ्यावर मॅडमनी थेट 38,000 भागिले 950, म्हणजे किलोला 40 रुपये, असं लिहिलं आणि 1,200 रुपये नुकसान दाखवलं. ‘सर, घातले तर 1000 होते ना? मग 950 ने का भागायचं?’

प्रश्न अगदी बरोबर जागेवर पडला होता. होणारच अशी जी घट, तिचा खर्च चांगल्या मालाने उचलायचा असतो, म्हणून भाजक 950. वीस वर्षं हे गणित सोडवणाऱ्याला ही पायरी पायरी वाटतच नाही, म्हणून ती बोलायची राहून जाते. ‘क्लिअर नाही’ या शब्दांनी मॅडमना ती सापडली नसती. ‘950 का, ते कळलं नाही’ या शब्दांनी लगेच सापडते.

मग स्पीड. मॅडम भरभर बोलतात का, विचारलं, तर म्हणाली, नाही, बोलतात सावकाश. मग? थोडं खोदल्यावर निघालं ते डस्टर. प्रोसेस अकाउंट फळ्यावर दोन बाजूंनी मांडलं जातं. मॅडम ते पूर्ण करायच्या आणि वर्किंग नोट्सना जागा हवी म्हणून लगेच पुसायच्या. मागच्या बाकांवरच्यांची डेबिट बाजू उतरून होते न होते तोच क्रेडिट बाजू गायब.

विद्यार्थी ‘फास्ट’ म्हणतात तेव्हा त्यात निदान तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. जीभ फास्ट असेल तर थांबत बोलायला सांगता येतं. डस्टर फास्ट असेल तर फळ्याची वाटणी बदलावी लागते. आणि शेवटच्या पंधरवड्यात तीन प्रकरणं उरकली असतील, तर स्नेहसंमेलन आणि क्रीडा महोत्सवात किती तास बुडाले, हे आधी मोजायला हवं. ती तक्रार प्राचार्यांकडे जायला हवी, कारण वेळापत्रक मॅडमच्या हातात नसतं. एकच शब्द वापरला की उपाय चुकतो. मलाही एका वर्षी ‘सर फास्ट आहेत’ असं आलं होतं. मी सत्रभर हळू बोललो आणि पुढच्या फॉर्मात ‘सर बोअर करतात’ हे वाचलं.

‘कधी भेटत नाहीत’ हे वाक्य मी तिला खोडायला सांगितलं. पूर्णवेळ प्राध्यापकाने रोज किमान पाच तास कॉलेजात उपलब्ध असावं, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम सांगतात. पूर्णवेळ सर सापडत नसतील, तर कुठल्या दिवशी, किती वाजता गेलो होतो, हे जरूर लिहावं. पण या मॅडम तासिका तत्त्वावरच्या होत्या. घेतलेल्या तासाचेच पैसे मिळणार, बसायला धड खुर्ची नाही आणि पाऊण तासात दुसऱ्या कॉलेजातला तास. न भेटण्याचा ठपका त्यांच्यावर ठेवणं अन्याय झाला असता. मात्र अडचण खरीच होती, तेव्हा तिची विनंती केली. शेवटी चिठ्ठी अशी झाली :

‘आदरणीय मॅडम, नॉर्मल लॉस म्हणजे काय, हे तुम्ही पिठाच्या गिरणीच्या उदाहरणाने सांगितलंत तेव्हा लगेच समजलं. मंगळवारच्या गणितात अबनॉर्मल लॉसची किंमत काढताना 1000 ऐवजी 950 ने का भागलं, हे मला आणि माझ्या बाकावरच्या दोघींना कळलं नाही. पुढच्या तासाला ती पायरी पुन्हा सांगाल का? प्रोसेस अकाउंट पुसण्याआधी दोन-तीन मिनिटं मिळाली तर मागे बसणाऱ्यांचं उतरवून होईल. तास संपल्यावर तुम्हाला निघायची घाई असते, हे माहीत आहे. आम्ही शंका एका वहीत लिहून ठेवल्या, तर आठवड्यातून एकदा बघाल का? आपली विद्यार्थिनी.’

गिरणीचं वाक्य तोंडदेखल्या कौतुकासाठी घातलेलं नाही. कोणती पद्धत चालली, हेही मॅडमना कळायला हवं, नाहीतर सुधारणेच्या नादात तीच बंद व्हायची. ‘मला आणि माझ्या बाकावरच्या दोघींना’ हेही मुद्दाम आहे. ‘अख्ख्या वर्गाला कळत नाही’ असं लिहिलं की शिक्षक कळलेले चार जण दाखवतात आणि विषय तिथेच संपतो. मॅडमना विषय येतो की नाही, यावर चिठ्ठीत अक्षर नाही. तो निवाडा द्वितीय वर्षाच्या मुलीने करायचा नसतो. आपल्याला काय कळलं आणि काय उतरवून झालं, याची साक्ष मात्र तिच्याइतकी दुसरं कुणी देऊ शकत नाही.

नावानिशी लिहायचं की निनावी, हे वर्ग पाहून ठरवावं. अठरा जणांच्या वर्गात हस्ताक्षर लपत नाही, तिथे निनावी कागदाचा उपयोग थोडा आणि संशय जास्त. प्रात्यक्षिकांचे गुण त्याच शिक्षकाच्या हातात असतील आणि भीती वाटत असेल, तर वर्गप्रतिनिधीमार्फत द्यावं. अपमान, जातीवाचक शेरे किंवा छळ यांना फीडबॅक म्हणत नाहीत. त्यासाठी तक्रार निवारण समिती आणि अंतर्गत तक्रार समिती आहेत, तिकडेच जावं.

आणि सत्र संपेपर्यंत थांबू नये. शेवटच्या दिवशी भरलेला फॉर्म पुढच्या वर्षीच्या मुलांच्या कामी येतो, आपल्या नाही. पहिल्या चाचणीचे पेपर हातात पडले की लिहावं. अडलेली जागा तेव्हा ताजी असते आणि तास शिल्लक असतात.

चिठ्ठी बुधवारी दिली गेली. शुक्रवारी मॅडमनी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली आणि उजव्या भागात वर्किंग नोट्स सुरू केल्या. डावा भाग तास संपेपर्यंत पुसला नाही. शंकांची वही मात्र दोन आठवडेच चालली, कारण मुलांनीच ती भरायचं सोडून दिलं.