शेल्याचे ताणले जाणे व थरथरणे : वस्त्राच्या संगणकीय सदृशीकरणातील दोन दोष

चलच्चित्रातील स्वाराच्या खांद्यांवरून पाठीवर सोडलेला शेला संगणकाच्या साहाय्याने हालता करावयाचा झाल्यास दोन दोष वारंवार आढळतात. एक म्हणजे शेला रबरासारखा लांबत जातो. दुसरा म्हणजे स्वार स्थिर उभा असतानाही त्याच्या चुण्या थरथरत राहतात. या दोन्हींवर एकच उपाय, म्हणजे कापडाचा ताठरपणा वाढविणे, हा प्रथम सुचतो. परंतु दोहोंची कारणे भिन्न असल्यामुळे त्या उपायाने पहिला दोष कमी होऊन दुसरा बळावतो, असे पुष्कळदा घडते.

संगणकाच्या दृष्टीने कापड म्हणजे वस्तुमान असलेल्या बिंदूंची, स्प्रिंगांनी जोडलेली जाळी होय. अशा जाळीत टाचलेल्या बिंदूंजवळच्या स्प्रिंगा अवास्तव ताणल्या जातात. त्यामुळे 1995 साली प्रोव्हो यांनी अशा स्प्रिंगांची लांबी एका मर्यादेपलीकडे वाढू न देण्याची युक्ती सुचविली. ताठर स्प्रिंगांकरिता कालखंडाचे फार बारीक तुकडे करावे लागतात, या अडचणीवर 1998 साली बॅराफ व विट्किन यांनी अव्यक्त पद्धतीने गणित मांडून मार्ग काढला. ‘ब्लेंडर’ या सर्वांस विनामूल्य उपलब्ध असलेल्या प्रणालीतील वस्त्रगणितही अव्यक्त पद्धतीचेच आहे. पुढील विवेचन तिच्या आधारे केले आहे.

दीड मीटर लांब व एक मीटर रुंद असा शेला घेऊ. त्याच्या लांबीत 51 व रुंदीत 31 बिंदू असल्यास एकूण बिंदू 1,581 होतात. `Vertex Mass` चे मूळ मूल्य 0.3 किलोग्रॅम असते; मात्र ते संपूर्ण कापडाचे नसून प्रत्येक बिंदूचे असते, हे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे या शेल्याचे वजन 474 किलोग्रॅम झाले! चुण्या नाजूक याव्यात म्हणून जाळी दुपटीने बारीक केली, तर बिंदू 6,161 होतात व वजन 1,848 किलोग्रॅमवर जाते. खांद्याजवळच्या प्रत्येक स्प्रिंगेला आपल्या खालच्या सर्व बिंदूंचा भार पेलावा लागतो. पूर्वी तिच्याखाली 50 बिंदू लोंबत होते, आता 100 लोंबतात. ताठरपणास हातही न लावता शेला अधिक लांबला, याचे कारण हे. यास्तव जाळी दुप्पट बारीक करताना बिंदूचे वस्तुमान चतुर्थांश, म्हणजे 0.075, करावे.

एवढ्यानेही लांबी आटोक्यात न आल्यास `Quality Steps` हे मूल्य वाढवावे. प्रत्येक चौकटीचे गणित किती टप्प्यांत करावयाचे, हे त्यावरून ठरते. मूळ मूल्य 5 असते. वेगवान हालचालीस 10 ते 15 टप्पे इष्ट. `Tension` हे ताणविरोधी मूल्य त्यानंतर, थोडथोडे वाढवावे. टप्पे न वाढविता केवळ ताठरपणा वाढविल्यास प्रत्येक टप्प्यातील बल मोठे होते आणि कापड थरथरू लागते.

आता थरथरीचा विचार. तिचे मूळ शोधण्याची कसोटी सोपी आहे: देहाशी व स्वतःशी होणाऱ्या टकरींचे गणित बंद करून पाहावे. थरथर टिकून राहिली, तर दोष स्प्रिंगा व टप्पे यांचा. नाहीशी झाली, तर टकरीचा. नंतर टकरींचे दोन्ही प्रकार एकेक करून पुन्हा चालू करावेत.

थरथर खांद्यापाशीच असेल, तर अंतरे तपासावीत. देहाची बाह्य जाडी `Thickness Outer` मूळची 2 सेंटिमीटर आणि कापडाचे `Distance` 1.5 सेंटिमीटर असते. म्हणजे कापड देहापासून सुमारे 3.5 सेंटिमीटर दूर ढकलले जाते. शेल्याची टाचलेली कड मात्र खांद्यापासून एकच सेंटिमीटरवर असेल, तर लगतच्या बिंदूंना टाचण आत ओढते व टक्कर बाहेर लोटते. हा झगडा कोणत्याही चौकटीत मिटत नाही. अशा वेळी दोन्ही अंतरे कमी करावीत किंवा कड वर उचलावी.

थरथर चुण्यांत असेल, तर स्वतःशी होणाऱ्या टकरीचे अंतर पाहावे. तेही मूळचे 1.5 सेंटिमीटरच असते. बारीक केलेल्या जाळीत लांबीच्या दिशेने बिंदूंमधील अंतर नेमके तेवढेच उरते. परिणामी, सपाट पडलेल्या कापडाचे जवळजवळचे भागही एकमेकांस लोटू लागतात. हे मूल्य बिंदूंमधील अंतराच्या निम्म्याहून कमी ठेवणे योग्य.

प्रत्येक बदलानंतर साठविलेले जुने गणित पुसून ते पहिल्या चौकटीपासून नव्याने करावे, आणि एका वेळी एकच मूल्य बदलावे. अन्यथा कोणत्या बदलाचा कोणता परिणाम हे कळत नाही. स्वार दौडू लागण्यापूर्वी वीस-पंचवीस चौकटी स्थिर ठेवल्यास शेला प्रथम नीट लोंबकळतो व आरंभीचा हिसका टळतो.

अवमंदनाचे मूल्य वाढवून थरथर दाबण्याचा मोह मात्र आवरावा. त्याने थरथर दिसेनाशी होते हे खरे. परंतु शेला पाण्यात बुडाल्यासारखा संथ हालतो आणि दोषाचे कारण जागच्या जागी राहते. वस्तुमान, टप्पे व अंतरे ठीक झाल्यावर जी किंचित कंपने उरतील, तेवढ्यांपुरताच तो उपाय राखून ठेवावा.