ऐकलं सगळ्यांनी, ठरलं काय?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरींची व्हॉइस नोट येते : तीन मिनिटं चाळीस सेकंद. विषय पाण्याची टाकी धुण्याचा. पहिलं मिनिट मागच्या वर्षीच्या माणसाने काम कसं अर्धवट टाकलं यात जातं, मग दोन कोटेशनं, मग वरच्या टाकीचं तुटलेलं झाकण. अगदी शेवटी, घाईघाईने, ‘रविवारी दहा ते चार पाणी बंद राहील.’ बत्तीस घरांना खरी गरज होती ती याच एका वाक्याची, आणि ते तिसऱ्या मिनिटानंतर आलं. लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्याने ती नोट रात्रीवर ढकलली. ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांनी सोडूनच दिली. शनिवारी संध्याकाळी कुणीतरी विचारतं, ‘पाणी नक्की कधी बंद?’ आणि उत्तरादाखल आणखी एक व्हॉइस नोट येते.

व्हॉइस नोट वाईट नसते. ज्या आजोबांना मराठी कीबोर्ड जमत नाही, ते आवाजामुळेच ग्रुपमध्ये बोलू शकतात. सांत्वन, दिलगिरी किंवा नाजूक खुलासा करताना आवाजातला सूर महत्त्वाचा असतो. पंप घरघर करत असेल तर तो आवाजच रेकॉर्ड करून दुरुस्तीवाल्याला पाठवावा, शब्दांत त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही.

पण तारीख, वेळ, रक्कम, खाते क्रमांक, पत्ता या गोष्टी लिहूनच द्याव्यात. त्या पुन्हा पुन्हा पाहाव्या लागतात. चॅटच्या शोधखिडकीत ‘टाकी’ टाइप केलं की लिहिलेले मेसेज सापडतात, बोललेले सापडत नाहीत. शिवाय आकडे कानाला फसवतात : एकोणसाठ आणि एकोणसत्तर किंवा ‘साडेनऊ’ म्हणजे वाजता की हजार. बोलायचंच असेल तर नोटखाली एक ओळ लिहावी : ‘टाकी सफाई, रविवारी १० ते ४ पाणी बंद, तपशील वरच्या नोटमध्ये.’ ज्याला तपशील हवा तो ऐकेल, बाकीच्यांचं काम त्या ओळीवर भागेल.

चर्चा मात्र तोंडीच बरी. दोन कोटेशनांवर टाइप करून वाद घालत बसलं तर दोन दिवस जातात. ग्रुप कॉलवर पंधरा-वीस मिनिटांत निकाल लागतो. अडचण कॉल संपल्यावर सुरू होते, कारण जो तो आपापल्या आठवणीतला निर्णय घेऊन जातो. म्हणून कॉलच्या सुरुवातीलाच लिहिणारा ठरवावा, आणि तो शक्यतो सर्वांत जास्त बोलणारा नसावा. फोन ठेवण्याआधी त्याने ठरलेल्या गोष्टी वाचून दाखवाव्यात. न पटलेलं तिथेच बाहेर येतं. मग त्याच रात्री ग्रुपवर असं काहीतरी टाकावं :

*टाकी सफाई : रविवार, १२ एप्रिल. पाणी बंद सकाळी १० ते दुपारी ४.*
*काम दुसऱ्या कोटेशनवाल्याला. वरची आणि जमिनीखालची, दोन्ही टाक्या मिळून ९,५०० रुपये.*
*शुक्रवारपर्यंत वेळ पक्की करणे : सेक्रेटरी. काम झाल्यावर चेक देणे : खजिनदार.*
*ठरलं नाही : झाकण दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं. टाकी रिकामी झाल्यावर बघून ठरवू.*
*काही चुकलं असेल तर उद्या रात्री ८ पर्यंत इथेच लिहा.*

यात कोण काय म्हणालं, कुणाचा आवाज चढला, यातलं काहीच नाही, आणि ते नसावंच. नावं येतात ती फक्त कामापुढे. ‘कुणीतरी बघेल’ अशी ओळ उतरली तर ते काम कुणीच घेतलेलं नाही, असं खुशाल समजावं. ‘ठरलं नाही’ ही ओळ सर्वांत आधी गाळली जाते, पण माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. ती नसली की झाकणाचा निर्णय झालाच आहे असं समजून कुणीतरी उत्साहाने नवं झाकण घेऊन येतो आणि बिलावरून भांडण होतं.

असा सारांश स्वतंत्र मेसेज म्हणून टाकून सात दिवसांसाठी पिन करावा, नाहीतर सुप्रभातच्या फुलांखाली तो गाडला जातो. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंतच बदलता येतो. त्यानंतर चूक सापडली तर पूर्ण सारांश ‘सुधारित’ असं वर लिहून पुन्हा टाकावा आणि जुन्याचं पिन काढावं. नुसतं ‘वरचं दहा नाही, अकरा’ असं खाली लिहिलं तर काही जण दहालाच बादल्या शोधत बसतील.

गृहनिर्माण सोसायटीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग्रुपवरचा मेसेज म्हणजे समितीचा ठराव नव्हे. खर्चाचा निर्णय समितीच्या सभेत होऊन इतिवृत्ताच्या वहीत नोंदला जावा लागतो. सेक्रेटरींनी हा सारांश पुढच्या सभेत समोर ठेवावा आणि वहीत रीतसर ठराव लिहून घ्यावा.