समजून घ्या : शर्ट ४०२ रुपयांचा की ४१५ चा?

शर्टच्या कारखान्यात कटिंग विभागाने १,००० शर्टांचे कापड शिलाई विभागाकडे पाठवले. खर्च ३ लाख. शिलाईवर ९० हजार आणि बटणांवर १२ हजार खर्च झाले. महिनाअखेरीस ८०० शर्ट तयार, २०० निम्मे शिवलेले. मग एक शर्ट कितीला पडला?

एकूण ४,०२,००० भागिले १,००० म्हणजे ४०२, हे उत्तर चुकीचे आहे.

कटिंगचा खर्च प्रत्येक शर्टावर आधीच पूर्ण झालेला असतो, म्हणून तो १,००० ने भागायचा : ३०० रुपये. निम्मे शिवलेले २०० म्हणजे कामाच्या हिशेबाने १०० शर्ट, म्हणून शिलाई ९०० ने भागायची : १०० रुपये. बटणे ८० टक्के शिलाई झाल्यावर लागतात. अर्धवट शर्टांना ती लागलेलीच नाहीत, म्हणून ८०० ने भागायचे : १५ रुपये. एकूण ४१५.

ताळा असा : तयार माल ३,३२,०००, अर्धवट माल ७०,०००, बेरीज ४,०२,०००.

४०२ धरून ४१० ला विकल्यास आठ रुपये नफा दिसतो. प्रत्यक्षात पाच रुपये तोटा होतो. अर्धवट मालाच्या किमतीत बटणांचा खर्च दिसला, तर चूक तिथेच आहे. मात्र तोच माल ८० टक्क्यांपुढे गेला असेल, तर बटणे पूर्ण धरावी लागतात.