एका पुडीची दोन क्षेत्रफळे

२०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना मिळाले, तेव्हा धातू-सेंद्रिय चौकटी, म्हणजे ‘मॉफ’, घरोघरी पोचल्या. ‘एका ग्रॅममध्ये हजारो चौरस मीटर’ हे वाक्य तर प्रत्येक बातमीत होते. हा आकडा काढतात कसा, याचे कुतूहल मला फार जुने आहे. मोजपट्टी आत जात नाही, सूक्ष्मदर्शकातून क्षेत्रफळ दिसत नाही. तो येतो नायट्रोजनच्या एका वक्रावरून, आणि त्या वक्राचा कोणता तुकडा घ्यायचा हे माणूस ठरवतो.

झिफ-८ घेऊ. जस्त आणि मेथिलइमिडाझोल यांची ही चौकट याघींच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच गटातून २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये झिफच्या मोठ्या मालिकेवर शोधनिबंध आला. त्याचे प्रथम लेखक राहुल बॅनर्जी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले आणि अशा सच्छिद्र पदार्थांवरच काम करत राहिले. झिफ-८ चे २००६ मध्ये दिलेले क्षेत्रफळ ग्रॅमला १६३० चौरस मीटर आहे. नौपाड्यातल्या पन्नास चौरस मीटरच्या बत्तीस-तेहतीस सदनिका चमचाभर पुडीत!

मोजणी अशी होते. पूड निर्वातात तापवून पोकळ्यांत अडकलेला द्रावक काढतात आणि त्यानंतरच तिचे वजन घेतात. द्रावक उरला तर पोकळी आधीच भरलेली असते आणि आकडा खाली येतो. मग नळी द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला, ठेवून नायट्रोजन थोडा थोडा सोडतात. प्रत्येक सापेक्ष दाबाला, म्हणजे p/p0 ला, किती वायू चिकटला याची नोंद होते. हाच समतापी वक्र.

पुढचे काम १९३८ च्या ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांच्या बीईटी समीकरणाचे. ते एका थराला पुरणारा वायू, vm, देते. नायट्रोजनचा एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो असे धरले, की vm मधल्या प्रत्येक घनसेंटिमीटर वायूमागे ४.३५ चौरस मीटर मिळतात. समीकरण उघड्या पृष्ठभागावर थरावर थर रचले जातात असे मानते. नॅनोमीटरभर पोकळीत थर रचायला जागाच नसते, ती सरळ भरून जाते.

जुन्या सवयीने वक्राचा ०.०५ ते ०.३० सापेक्ष दाबाचा पट्टा घेतात. झिफ-८ च्या जातीचे, समजुतीसाठी घेतलेले आकडे पाहू. सापेक्ष दाब ०.००५ ला ३६० घनसेंटिमीटर, ०.०२ ला ३८०, ०.१० ला ३९५, ०.३० ला ४००. शेवटच्या दोन बिंदूंवरून vm येतो २६१ आणि क्षेत्रफळ सुमारे ११३५. पहिल्या दोन बिंदूंवरून vm ३७७ आणि क्षेत्रफळ सुमारे १६४०. पूड तीच, नोंदी त्याच, फरक पाचशे चौरस मीटरचा.

कोणते खरे? शेवटच्या दोन बिंदूंच्या गणितात समीकरणातला c हा स्थिरांक ऋण निघतो, आणि ऋण c ला भौतिक अर्थच नाही. म्हणून रूकेरोल यांनी सुचवलेल्या कसोट्या लावायच्या: c धन हवा, v(1 − p/p0) ही राशी निवडलेल्या पट्ट्यात वाढतच गेली पाहिजे, आणि मिळालेला vm त्याच पट्ट्यात बसला पाहिजे. आपल्या उदाहरणात ती राशी ३५८ वरून ३७२ ला चढते आणि ०.१० पर्यंत ३५६ ला उतरते. म्हणजे वरचा पट्टा बाद. खालच्या पट्ट्याचा ३७७ हा ३६० आणि ३८० यांच्या मध्येच पडतो. दोन बिंदू अर्थात गणित दाखवण्यापुरते; खरी रेषा अनेक बिंदूंतून काढतात.

हे केवळ विद्यार्थ्यांचे घोटाळे नाहीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केंब्रिजच्या फेअरेन-हिमेनेझ यांच्या गटाच्या पुढाकाराने एकसष्ट प्रयोगशाळांना तेच अठरा वक्र दिले होते. मोजणी आधीच झालेली, फक्त क्षेत्रफळ काढायचे. उत्तरे दूरदूर विखुरली. म्हणूनच पट्टा न सांगता छापलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

छिद्रांच्या मापाची गोष्ट त्याहून नाजूक. झिफ-८ ची पोकळी १.१६ नॅनोमीटरची, पण तिची खिडकी फक्त ०.३४ नॅनोमीटरची. नायट्रोजनचा रेणू ०.३६ चा, म्हणजे खिडकीपेक्षा मोठा, तरी आत जातो. कारण खिडकीवरची इमिडाझोलची कडी वळतात. २०११ मध्ये दाखवले गेले, की कमी दाबाला वक्रात दिसणारी पायरी या वळण्यामुळे येते. घनता-फलन पद्धतीचे संगणकी साचे भिंत कडक मानतात, त्यामुळे तीच पायरी आलेखात नसलेल्या छिद्राचे शिखर म्हणून उमटू शकते. स्फटिकरचनेत तेवढी पोकळी सापडत नसेल तर ते शिखर खोटे समजावे. नायट्रोजनचे चतुर्ध्रुवत्व ध्रुवीय भिंतींशी जास्तीची ओढ निर्माण करते, म्हणून आयुपॅकने २०१५ मध्ये छिद्रमापासाठी ८७ केल्विनच्या आर्गॉनची शिफारस केली.

छिद्रांचे एकूण आकारमान मात्र सहज ताडून पाहता येते. आपले ४०० घनसेंटिमीटर वायू द्रवरूपात सुमारे ०.६२ घनसेंटिमीटर होतात. स्फटिकरचनेवरून काढलेली पोकळी याच्या जवळ आली, तर पूड नीट रिकामी झाली होती असे मानायला हरकत नाही. फार कमी भरली, तर आधी द्रावक उरला का, चौकट कोसळली का, हे पाहावे.

मॉफवर काम करणाऱ्यांना एवढीच विनंती: क्षेत्रफळ छापताना दाबाचा पट्टा, c आणि कच्च्या वक्राचे आकडेही सोबत द्या.