‘आता फक्त मॅनेजरशी गप्पा’

टेक्निकल फेऱ्या पार पडल्या की रिक्रूटरचा फोन येतो, “आता फक्त मॅनेजरशी गप्पा आहेत.” त्यातल्या ‘फक्त’वर विसंबून बरेच जण काहीच तयारी न करता जातात. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत ही फेरी साधारण अर्ध्या-पाऊण तासाची असते. समोर असतो तो एचआरचा माणूस नव्हे. निवड झाली तर ज्याच्या हाताखाली काम करायचं, तोच असतो. तुमचं ज्ञान त्याला पुन्हा तपासायचं नसतं. तुम्हाला हीच नोकरी का हवी, तुम्ही काम कसं करता आणि चूक दाखवली की तुमचं काय होतं, हे त्याला चाचपायचं असतं.

यातला तिसरा प्रश्न सर्वांत जास्त उमेदवारांना अडवतो. “फीडबॅक कसा घेता?” असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, “मी पॉझिटिव्हली घेतो.” मॅनेजर लगेच म्हणतो, “एखादं उदाहरण सांगा.” मग शोधाशोध सुरू होते आणि हाती लागतं ते एखादं बिनधोक उदाहरण: एकदा मीटिंगला उशीर झाला होता, किंवा ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे असं सगळे म्हणतात’. दोन्हींतून काहीच कळत नाही, आणि समोरच्याने ती बऱ्याचदा ऐकलेली असतात.

समजा, चार वर्षं अनुभव असलेली एक टेस्टर आहे. तिच्या लीडने तिला सांगितलं होतं, “तुझे बग रिपोर्ट लांबलचक असतात, नेमकं काय बिघडलंय ते डेव्हलपरला शोधावं लागतं.” उदाहरण चांगलं आहे, कारण दोष खरा आहे आणि तिच्या रोजच्या कामातला आहे. पण ‘मी मग सुधारणा केली’ एवढ्यावर ती थांबली, तर पुढचे प्रश्न ठरलेले: ऐकल्यावर काय वाटलं? पटलं का? नेमकं काय बदललं? बदल झाला हे कशावरून कळलं? शेवटच्या प्रश्नापाशी बहुतेकांची गाडी अडते.

तिचं भक्कम उत्तर असं असेल: आधी राग आला, कारण सविस्तर लिहिणं हाच आपला गुण आहे असं तिला वाटत होतं. मग तिने ‘आमच्याकडे हा बग दिसत नाही’ असा शेरा मारून परत आलेले आपले जुने रिपोर्ट पुन्हा वाचले. बग पुन्हा कसा दिसेल त्या पायऱ्या तिसऱ्या परिच्छेदात दडलेल्या होत्या. तिने त्या वर आणल्या, अपेक्षित आणि प्रत्यक्ष निकाल एकाखाली एक लिहायला सुरुवात केली. पुढच्या दोन-तीन स्प्रिंटमध्ये परत येणारे रिपोर्ट कमी झाले. मात्र स्क्रीनशॉटही काढून टाक, ही लीडची सूचना तिला पटली नाही. तिने कारण सांगितलं आणि ते राहिले. हा शेवटचा भाग मुद्दाम सांगावा. सगळं निमूटपणे ऐकणारा माणूस मॅनेजरला हवा असतोच असं नाही. उलट, फीडबॅक चुकीचा ठरला आणि आपणच बरोबर होतो, अशी गोष्ट एकमेव उदाहरण म्हणून निवडली, तर त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

असे प्रसंग आयत्या वेळी आठवत नाहीत. गेल्या दोन अप्रेझलमधले शेरे आणि जिरावरच्या जुन्या कमेंट वाचाव्यात. क्लायंटची नावं तेवढी गाळावीत. मग प्रसंग मित्राला आधी मराठीत सांगावा आणि त्याला सारखं “मग?” विचारायला लावावं. इंग्रजीत पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या उपप्रश्नाला कोलमडतं. तपशील डोक्यात पक्के असतील तर तोडकंमोडकं इंग्रजीही चालून जातं.

‘इथेच का?’ या प्रश्नाची तयारी तुलनेने सोपी आहे. पगार हे खरं कारण असतंच आणि ते लपवायचंही कारण नाही, पण ती बोलणी एचआरशी होतात. मॅनेजरसाठी जॉब डिस्क्रिप्शनमधली एखादी ओळ धरावी. तिथे एपीआय ऑटोमेशन लिहिलं असेल आणि सध्या आपलं सगळं टेस्टिंग हाताने चालत असेल, तर तेच सांगावं, आणि त्या दिशेने स्वतःहून काय करून पाहिलं तेही. जुन्या मॅनेजरची गाऱ्हाणी इथे काढू नयेत. ऐकणाराही मॅनेजरच असतो.

कामाच्या पद्धतीबद्दल ‘मी एकटाही काम करतो आणि टीममध्येही’ हे उत्तर म्हणजे उत्तरच नव्हे. रिक्वायरमेंट अर्धवट आली तर तुम्ही आधी विचारता की अंदाजाने सुरुवात करून मग दाखवता? अडकलात तर किती वेळ स्वतः झगडता? जे खरं असेल ते सांगावं. दर तासाला विचारणा करणारा मॅनेजर तुम्हाला सोसत नसेल, तर ते नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड संपवून रुजू झाल्यावर कळण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं.

शेवटी “तुम्हाला काही विचारायचंय?” असं तो म्हणेल. तेव्हा त्याला विचारावं, “टीममधल्या कुणाला तुम्ही अलीकडे काय सुधारायला सांगितलंत, आणि कसं सांगितलंत?” तोही ‘आमच्याकडे ओपन कल्चर आहे’ एवढंच म्हणून थांबला, तर आपणही एक उदाहरण मागावं.