विष पातळ हवं

गंगाखेडच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या किराणा दुकानात गुळाच्या ढेपा पाटावर ठेवलेल्या असतात आणि पाटाच्या चारही बाजूंनी मुंग्यांच्या खडूच्या रेघा ओढलेल्या असतात. रेघेवर मेलेल्या मुंग्या दिसतात आणि गुळावर जिवंत. दुकानाच्या मालकीणबाई रोज सकाळी मेलेल्या झाडून टाकतात, पुसट झालेली रेघ पुन्हा ओढतात. दुसऱ्या दिवशी रांग पाटाऐवजी भिंतीवरून, वायरीच्या पट्टीतून येते.

मुंग्या बारीक, जेमतेम दीड मिलिमीटरच्या. डोकं काळपट आणि पोट इतकं फिकट की फरशीवर पळताना फक्त डोकीच सरकताना दिसतात. शास्त्रीय नाव टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम. मैसूरच्या मोहम्मद बाबूंनी 2011 साली रंगीत साखरपाणी पिणाऱ्या मुंग्यांचे फोटो काढले होते, लाल थेंब पिऊन लाल पोट आणि हिरवा थेंब पिऊन हिरवं. पोट असं पारदर्शक असलं की आत काय चाललंय ते बाहेरून दिसतं, आणि हा सगळा विषय त्या पोटातच आहे.

मुंगीला दोन पोटं असतात. पुढचं एक पिशवीसारखं. त्यात अन्न पचत नाही, नुसतं साठतं. त्याच्यामागे एक झडप, आणि झडपेपलीकडे खरं जठर. गोड पाणी पिणारी मुंगी बहुतेक सगळं पुढच्या पिशवीत भरते आणि घरी नेते. तिथं दुसरी मुंगी तिच्या तोंडाला तोंड लावते, थेंब वर येतो, दुसरीच्या पिशवीत जातो, तिच्याकडून तिसरीकडे. स्वतःसाठी झडपेपलीकडे थोडंच सोडलं जातं. राणी अन्नासाठी बाहेर येत नाही. तिला आणि अळ्यांना भरवणाऱ्या मुंग्या वेगळ्या, वयानं लहान, आणि त्याही सहसा दाराबाहेर पडत नाहीत.

म्हणजे रांगेत दिसतात त्या वसाहतीतल्या म्हाताऱ्या. बाहेरचं धोक्याचं काम वयस्क मुंग्यांकडे असतं आणि एका वेळी बाहेर असतो तो वसाहतीचा लहानसा हिस्सा. त्यांना खडूनं, फवाऱ्यानं किंवा ओल्या फडक्यानं मारलं तर आतल्या काही बाहेरच्या कामाला लागतात. अंडी घालणारी जागेवरच असते, आणि या जातीत तर एका वसाहतीत अनेक राण्या असतात. घरटंही एक नसतं. एक चौकटीच्या फटीत, एक फरशीखाली, एक कुंडीत. एखाद्या ठिकाणी त्रास वाढला की थोड्या कामकरी आणि एखादी राणी अळ्या उचलून दुसरीकडे बिऱ्हाड हलवतात. खडूतलं औषध काही मिनिटांत मुंगीला लोळवतं. लोळलेली मुंगी घरी पोचत नाही, आणि तिच्या अंगावरचं विषही पोचत नाही.

यावरचा उपाय मेडिकलमध्ये मिळणारी बोरिक पावडर. शंभर मिलिलिटर कोमट पाण्यात दहा ग्रॅम साखर, म्हणजे जवळपास अडीच सपाट चहाचे चमचे, आणि एक ग्रॅम बोरिक, म्हणजे पाव चमचा. पावडर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. बाटलीच्या झाकणात कापूस ठेवून त्यावर ओतायचं, म्हणजे मुंग्या बुडत नाहीत. झाकण रांगेच्या अगदी कडेला ठेवायचं, आणि लेकरं, जनावरं यांच्या हाती लागणार नाही असं. उरलेल्या बाटलीवर ‘विष’ लिहायचं, कारण दिसायला ते साखरेचं पाणीच असतं.

लोकांचा हात इथंच सैल सुटतो. पाव चमच्यानं होतं तर चमचाभरानं लवकर होईल, असं वाटतं. होतं उलटं. 1990च्या दशकात अमेरिकेत जॉन क्लॉट्झ आणि सहकाऱ्यांनी घरात शिरणाऱ्या मुंग्यांवर बोरिकचे प्रयोग केले, आणि त्यांचा कल एक टक्का किंवा त्याहून कमी प्रमाणाकडेच राहिला. दाट केलं की मुंग्या कमी पितात, आणि ज्या पितात त्या वाटून होण्याआधी मरतात. बोरिक आतड्याच्या आवरणावर हळूहळू काम करतं. पातळ द्रावण प्यालेली मुंगी काही दिवस धडधाकट असते. त्या दिवसांत ती पुन्हा पुन्हा येते, भरून नेते, वाटते. राणीपर्यंतचा रस्ता पार व्हायला तेवढा वेळ लागतोच.

गंगाखेडच्या या दुकानात मी झाकण ठेवल्यावर तासाभरात रांग दुप्पट जाड झाली. येणाऱ्यांची पोटं चपटी, जाणाऱ्यांची फुगून तकाकणारी, आणि जाणाऱ्या मागून वासाची वाट टाकत गेल्यामुळे नवीन येतच होत्या.

“सर, हे तर वाढायलंय,” मालकीणबाई म्हणाल्या. “मुंग्या मारायलात का पाळायलात?”

“मावशी, आज हात लावायचा नाही. खडू तर अजिबात नाही,” मी म्हणालो.

नकोशी वाटणारी ही गर्दीच सगळं बरोबर चालल्याची खूण आहे. खडूची जुनी रेघ मात्र पाण्यानं पुसावी लागली, कारण आमिषाशेजारी खडू असला की दोन्ही वाया. गुळावर झाकणही घालावं लागलं. उघडी ढेप समोर असताना दहा टक्क्यांच्या पाण्याला कोण विचारतं!

काही दिवसांत रांग विरळ झाली. उरलेल्या मुंग्या रेंगाळत, मध्येच थांबत चालत होत्या. मग जवळजवळ काहीच नाही, आणि बहुतेक लोक याच टप्प्यावर झाकण उचलून फेकतात. पण कोशातली मुंगी काही खात नाही, म्हणून तिला विषही लागत नाही. कोशातून नव्या कामकरी निघाल्या की बारीकशी रांग पुन्हा दिसते. झाकण तिथंच असेल तर त्या पहिल्या दिवसापासून तेच पितात, म्हणून ते काही आठवडे राहू द्यावं.

आपल्याकडचा उन्हाळा यात वेगळीच अडचण करतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात सकाळचं झाकण दुपारपर्यंत अर्धं होतं. पाणी उडालं तरी बोरिक तेवढंच राहतं, म्हणजे एक टक्क्याचं दोन टक्के झालं, आणि पूर्ण वाळलं तर कापसावर नुसते खडे. सकाळी गर्दी आणि दुपारनंतर झाकणाकडे कोणी फिरकत नाही असं दिसलं की समजावं, द्रावण दाट झालंय. त्यात नुसतं पाणी घालू नये. कापूस बदलून ताजं ओतावं आणि झाकण सावलीत, माठाच्या बाजूला ठेवावं.

याच दुकानात शेंगदाण्याच्या पोत्याखाली चावऱ्या लाल मुंग्या आहेत. त्या या झाकणावरून चालत गेल्या, थांबल्या नाहीत. त्यांची ओढ तेलाकडे आणि दाण्यांकडे. कागदावर साखरेचा थेंब आणि दाण्याचा कूट शेजारी ठेवला तर कोण कुठं जमतं ते थोड्या वेळात कळतं, आणि कूट आधी संपत असेल तर साखरेचं पाणी ठेवून उपयोग नाही. त्यांच्यासाठी तेलात मुरवलेलं दाणेदार आमिष लागतं. ते पोत्यापासून दूर, बाहेरच्या त्यांच्या बिळाजवळ टाकावं लागतं, आणि पावसाची सर पडून गेल्यावर नाही, जमीन कोरडी असताना.