पोटरीपासून मेंदूपर्यंत: रेबीजचा विषाणू आणि त्याला अडवण्याची मुदत

मोताळा तालुक्यातल्या एखाद्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाईच्या पोटरीला पिसाळलेलं कुत्रं चावलं, असं समजू. तिचं वजन ५० किलो. दोन दातांच्या खोल खुणा, थोडं रक्त. आठवडाभरात जखम भरून येईल, महिनाभर तिला काही जाणवणार नाही आणि ती रोज वेचणीला जात राहील. तिचा जीव वाचणार की नाही, हे याच निवांत दिसणाऱ्या काळात ठरतं. म्हणून त्या दिवसांत तिच्या पायात काय घडत असतं, ते नीट पाहायला हवं.

कुत्र्याच्या लाळेतून आलेला विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो. त्याच्याजवळ फक्त पाच जनुकं असतात आणि त्याच्याभोवती मेदाचं पातळ आवरण असतं. तो रक्तातून मेंदूकडे जात नाही. आधी पोटरीच्या स्नायूत थांबतो, तिथल्या पेशींत थोडा वाढतो. हा मुक्काम काही दिवसांचा असेल किंवा कित्येक आठवड्यांचा. मग स्नायू आणि मज्जातंतू जिथे भेटतात, तिथे त्याच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन मज्जातंतूच्या टोकाला चिकटतं आणि विषाणू आत शिरतो.

पुढचा भाग मला या रोगातला सर्वांत थक्क करणारा वाटतो. पोटरीचा स्नायू हलवणारी पेशी कमरेजवळ, मज्जारज्जूत बसलेली असते आणि तिचा एकच धागा तिथून थेट पोटरीपर्यंत येतो. म्हणजे एकाच पेशीची लांबी जवळपास ८० ते ९० सेंटीमीटर. इतक्या लांबवर माल पोचवण्यासाठी धाग्याच्या आत सूक्ष्म नळ्यांचे रूळ असतात आणि त्यांवरून प्रथिनांची यंत्रं ओझं ओढत नेतात. टोकाकडून पेशीच्या मध्याकडे ओढणाऱ्या यंत्राला डायनीन म्हणतात. रेबीजचा विषाणू याच यंत्रावर स्वार होतो. प्रयोगांत त्याचा वेग दिवसाला ५ ते १० सेंटीमीटरपर्यंत आढळला आहे. या हिशेबाने एकदा मज्जातंतूत शिरल्यावर आपल्या या बाईच्या कमरेपर्यंत पोचायला त्याला एक ते अडीच आठवडे पुरतात. चेहरा, मान किंवा बोटं यांवरचा चावा जास्त धोक्याचा, कारण तिथे मज्जातंतूंची गर्दी असते, आणि चेहऱ्यापासून मेंदूचं अंतरही थोडंच. चाव्यापासून लक्षणांपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात. मात्र कुणाला आठवड्याभरात, तर क्वचित कुणाला वर्षानंतरही रोग झालेला आहे.

या प्रवासात शरीर गप्प का राहतं? विषाणू मज्जातंतूच्या आत असतो, रक्तातल्या पहारेकरी पेशींना तो दिसत नाही. तो ज्या पेशीतून जातो तिला लगेच मारत नाही, त्यामुळे सूज नाही, ताप नाही. त्याचं एक प्रथिन पेशीची धोक्याची सूचनाच दाबून टाकतं. म्हणूनच या काळात रोगाची लागण झाली आहे की नाही, हे सांगणारी कोणतीही रक्ततपासणी नाही. "आधी तपासून बघू, मग सुई घेऊ" हा मार्ग इथे उपलब्धच नाही. चावा झाला, एवढ्यावरच उपचार सुरू करावे लागतात.

मेंदूत पोचल्यावर विषाणू झपाट्याने वाढतो आणि मज्जातंतूंच्याच वाटेने पुन्हा बाहेर पसरतो: लाळग्रंथींत, डोळ्याच्या बुबुळाच्या पडद्यात, मानेवरच्या केसांच्या मुळांत. आधी भरलेल्या जखमेच्या जागी मुंग्या येतात किंवा खाज सुटते. मग पाणी गिळताना घशाचे स्नायू इतके आवळतात की पेला पाहूनच रुग्ण दचकतो. वाऱ्याची झुळूकही सहन होत नाही. काहींना हे काहीच होत नाही, पायांतून लकवा वर चढत जातो आणि निदानच चुकतं. या टप्प्यावर लस दिली तरी प्रतिपिंडं पोचायची ती जागा विषाणूने आधीच व्यापलेली असते. जगभरात वाचलेले रुग्ण मोजकेच आहेत आणि त्यांतल्या अनेकांना कायमचं अपंगत्व आलं.

आता उपचाराकडे. पहिलं काम शेतातच होतं: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं. विषाणूचं मेदाचं आवरण साबणाने फुटतं आणि तो निकामी होतो. जखमेवर तिखट, चुना किंवा हळद-तेल भरण्याची पद्धत गावोगाव आहे. त्यात ही मोलाची पंधरा मिनिटं जातात आणि जखम चिडते ती वेगळीच.

दुसरं काम लसीचं. सरकारी रुग्णालयात ती बहुधा दंडाच्या कातडीत दिली जाते, दोन्ही दंडांवर ०.१ मिलिलिटर, आणि पहिल्या सुईचा दिवस शून्य धरून शून्याव्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सुई बरोबर बसली की कातडीवर संत्र्याच्या सालीसारखा छोटा फुगवटा येतो. तो आला नाही, तर लस खोल गेली असं समजून ती शेजारी पुन्हा द्यावी लागते. मात्र लस शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवते, आणि त्याला सात ते चौदा दिवस लागतात.

या मधल्या रिकाम्या दिवसांसाठी तिसरं औषध आहे: तयार प्रतिपिंडं, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन. रक्त काढणारा चावा असेल तर ते लागतंच. घोड्याच्या रक्तापासून केलेल्या औषधाचं प्रमाण किलोमागे ४० एकक, म्हणजे या बाईला २००० एकक, सुमारे पावणेसात मिलिलिटर. ते कमरेवर टोचून भागत नाही. दोन्ही दातांच्या खुणांमध्ये आणि भोवती खोलवर भरावं लागतं, कारण विषाणू तिथेच आहे आणि त्याला मज्जातंतूत शिरण्याआधी बांधायचं आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मॅसबायोलॉजिक्ससोबत प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिपिंडही तयार केलं आणि २०१७ मध्ये ते बाजारात आलं. त्यासाठी घोड्याचं रक्त लागत नाही.

उपचार घेऊनही जे दगावतात, त्यांच्या बाबतीत बहुधा यांतलंच काहीतरी राहून गेलेलं असतं. केसांत लपलेली एखादी खूण सुटते. इम्युनोग्लोब्युलिन दिलंच जात नाही. जखमेला घाईने टाके घातले जातात आणि विषाणू आणखी आत ढकलला जातो. "कुत्रं तर जिवंत आहे" म्हणून थांबणंही चुकीचं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण उपचार पहिल्याच दिवशी सुरू करून. दहा दिवसांनंतरही ते धडधाकट राहिलं, तर उरलेल्या सुयांचा निर्णय डॉक्टर घेतात. कोल्हा, लांडगा किंवा माकड चावलं तर नजर ठेवायची सोयच नसते.

जुन्या पिढीच्या मनात अजून पोटातली चौदा इंजेक्शनं आहेत. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली सेंपल लस होती, १९११ मध्ये कसौलीत तयार झालेली. ती दुखायची, आणि काहींना तिच्यामुळेच मज्जातंतूंचा विकार व्हायचा. भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. आजची लस पोटात देत नाहीत आणि तिचा त्या लसीशी काही संबंध नाही. त्या जुन्या लसीच्या भीतीने कुणी घरी बसलं असेल, तर त्याला हे सांगायला हवं.

शेतकऱ्यांसाठी आणखी एक. बैल किंवा गाय लाळ गाळते, गिळत नाही, घशात काही अडकल्यासारखी करते, तेव्हा माणूस काळजीने तिच्या तोंडात हात घालतो. जनावर पिसाळलेलं असू शकतं, आणि हातावरच्या भेगेतून लाळ आत जाते. दात न लागताही इथे लागण शक्य आहे, म्हणून तेच धुणं आणि तेच उपचार लागतात.

आणि ज्याला चावा होऊन महिना उलटला, जखमही भरली, पण लक्षण एकही नाही, त्याने "आता काय उपयोग" म्हणू नये. त्याला आजच चावा झाल्यासारखी पूर्ण लस आणि जखमेच्या जागी इम्युनोग्लोब्युलिन दिलं जातं. विषाणू अजून पोटरीच्या स्नायूतच असेल, तर त्याला गाठता येतं.